होल्डची सांधेदुखी

माझा मित्र हाडांचा डॉक्टर. दवाखान्यात फोन एक, तो उचलणाऱ्या बाई एक, आणि गुडघे धरून बसलेली जनता अमाप. तो म्हणाला, "होल्डवर वाजायला काहीतरी शांत करून दे. कुणाचं डोकं उठणार नाही असं." मी घरी की-बोर्ड वाजवतो. एवढ्यावर ही नेमणूक झाली.

पहिल्या प्रयत्नात मी खर्जात घुमणारा पियानो घेतला आणि मागे तरंगती व्हायोलिन्स. हेडफोनवर ऐकताना माझेच डोळे पाणावले. मग मोबाइलवरून दवाखान्याला फोन लावला, बाईंना होल्डवर टाकायला सांगितलं, तर पलीकडे कुणीतरी गुळण्या करत होतं. साधी फोनलाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच पुढे सोडते, त्यामुळे माझा खर्ज दारातच अडला. शिवाय मोबाइल घडवलेला बोलण्यासाठी. लांबवलेलं व्हायोलिन त्याला पंख्याच्या घरघरीसारखं वाटतं आणि तो ते इमानेइतबारे दाबतो. मी जिथे भावपूर्ण शांतता ठेवली होती, तिथे लोक "हॅलो? हॅलो?" करून फोन ठेवत होते.

मग पियानो मधल्या सप्तकात आणला. सुटे सूर, आवाज सगळीकडे सारखा, कुठेही शांतता नाही. चाल मात्र वीस सेकंदांची आणि गोड. गोड, हीच चूक. तीन मिनिटं होल्ड म्हणजे नऊ वेळा तेच. तिसऱ्या दिवशी एक आजोबा ती चाल गुणगुणतच लंगडत आत आले. "हे आधी काढ," डॉक्टर म्हणाला.

तिसरा तुकडा चार मिनिटांचा केला. त्यात लक्षात राहील अशी चालच ठेवली नाही. (स्वतःचं संगीत मुद्दाम विसरण्याजोगं करणं मनाला लागतं, पण असो.) सगळं ठीक चाललं, सोमवार येईपर्यंत. सोमवारी होल्ड सहा मिनिटांवर जातो, आणि चौथ्या मिनिटाला तुकडा संपून पुन्हा सुरू होताना 'टक्' वाजायचं. लोकांना वाटे, फोन उचलला. मग ते पियानोलाच गुडघ्याची हकिकत सांगत.

दोष सांध्याचा होता. शेवटच्या सुराची आस मी मध्येच तोडली होती. ती शेपटी कापून सुरुवातीच्या सुरांवर पसरली, आणि काप ध्वनिलहर शून्यावर येते नेमक्या तिथे घेतला.

परवा माझाच गुडघा धरला म्हणून फोन केला. होल्ड. तीन मिनिटं पन्नास सेकंद झाली, मी श्वास रोखून बसलो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हॅलो, बोला."

"अहो, उचलता काय? परत होल्डवर टाका!"