फोटोवरचं नाव कसं पुसावं

मंडळाच्या दहा फुटी फ्लेक्सवर कोकणकडा हवाच. गुगलवर झकास फोटो सापडलाय, फक्त त्यावर फोटोग्राफरचं नाव तिरक्या, अर्धपारदर्शक अक्षरांत पसरलंय. त्याला फोन करून परवानगी मागणं, चार पैसे देऊन स्वच्छ फाइल घेणं, हे भित्र्यांचे उद्योग. तुम्ही सरळ फोटोशॉप उघडा.

सुरुवात आभाळापासून करा. हीलिंग ब्रश घ्या आणि नमुना अक्षराच्या शेजारून, त्याच उंचीवरून उचला. आभाळ खाली फिकं होत जातं, त्यामुळे वरखालचा नमुना घेतलात तर पट्टा उमटतो. इथवर जमेल आणि आपण कलाकार असल्याचा भासही होईल. मग पुढचं अक्षर नेमकं कड्याच्या धारेवर येईल. तिथे ब्रश आभाळ आणि खडक एकमेकांत कालवून करडा धूर काढतो. म्हणून क्लोन स्टॅम्प घ्या, शेजारचं झुडूप उचला आणि चिकटवा. पुन्हा चिकटवा. एकच झुडूप सारख्या अंतरावर तीनदा उगवलं, तर ती सह्याद्रीची किमया म्हणायची.

अक्षरं गेली, पण त्यांची भुतं राहतात. जेपेग चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत दाबतं, त्यामुळे अक्षराच्या कडेचा कचरा अक्षराबाहेरही सांडलेला असतो. कुणी नतद्रष्टाने काँट्रास्ट वाढवला, तर पुसलेलं नाव पुन्हा वाचता येतं. तुम्ही काँट्रास्ट वाढवू नका, म्हणजे दिसणार नाही.

आता छपाई. तुमचा फोटो म्हणजे नमुन्यादाखल ठेवलेली, समजा ६१२ पिक्सेल रुंदीची प्रत. दहा फुटांवर ताणली की एकेक पिक्सेल अर्ध्या सेंटिमीटरचा होतो. कोकणकडा लादी बसवल्यासारखा दिसेल. अध्यक्षांचा चेहरा मात्र स्वच्छ येईल, कारण तो त्यांनी स्वतः पाठवलाय.

कायद्याचं म्हणाल, तर कॉपीराइट कायदा १९५७ चा, जुनाट. फक्त २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५ब घातलं: कलाकृतीवरची हक्कांची माहिती, म्हणजे कर्त्याचं नावसुद्धा, जाणूनबुजून आणि परवानगीशिवाय काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘जाणूनबुजून नाही हो’ असं सांगून बघा. एकेक अक्षर झूम करून पुसणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने सांगायचं, हे वकिलाला विचारा. शिवाय कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे हे सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो, मग त्याने कॉपीराइट विकलेला असला तरी.

खाली बारीक अक्षरांत ‘फोटो साभार: गुगल’ टाका. कोकणकड्यावर पहाटे थंडीत कुडकुडत ट्रायपॉड लावून गुगलच बसलं होतं, नाही का?

आणि फोटोग्राफर दारात आलाच, तर घाबरू नका. त्याच्याकडे पुरावा तो काय असणार? कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल, काही हजार पिक्सेल रुंद, आणि त्यात ते झुडूप एकदाच.