१ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: सोन्यातले १२ हजार कुठे गेले

रिव्ह्यू: "गोल्ड मिनीत महिन्याभरात ४० सौदे केले, ॲपवर १२,००० प्रॉफिट दिसत होता, खात्यात आले ४०० रुपये. बाकीचे यांनी हिडन चार्जेस लावून खाल्ले. वर सीए म्हणतो टॅक्स पण भरा. लुटारू लोक आहेत, जळगावकरांनी लांब राहा."

नमस्कार भाऊ. तुमचं खातं इथे उघडं करणार नाही, ते बरोबर नाही, पण तुम्ही स्वतःच आकडे लिहिलेत तर त्याच आकड्यांवर बोलू, कारण हाच प्रश्न घेऊन आठवड्याला कोणी ना कोणी ऑफिसात येतं.

गोल्ड मिनी म्हणजे एमसीएक्स या कमोडिटी एक्सचेंजवरचा सोन्याचा वायदा, त्याचा लॉट १०० ग्रॅमचा आणि भाव १० ग्रॅमचा, म्हणजे भाव १ रुपया हलला की तुमचे १० रुपये. त्या महिन्यात भाव लाखाच्या आसपास होता, म्हणजे एक लॉट घेतला की सौदा झाला १० लाखांचा. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, तुम्ही त्यापेक्षा बरीच कमी भरता म्हणून ते १० लाख डोळ्यासमोर येत नाहीत, पण सगळे सरकारी आणि एक्सचेंजचे चार्जेस त्या १० लाखांवर लागतात, तुमच्या मार्जिनवर नाही आणि तुमच्या प्रॉफिटवर तर अजिबात नाही. इथेच सगळ्यांची गल्लत होते.

आता एकच सौदा धरा. १,००,००० ला घेतला आणि १,००,०३० ला विकला, ३० पॉइंट, ॲपवर हिरव्या अक्षरात ३०० रुपये. आमची ब्रोकरेज ऑर्डरला ५० रुपये, म्हणजे घेताना ५० आणि विकताना ५०, झाले १००. एमसीएक्सचा ट्रान्झॅक्शन चार्ज लाखाला २ रुपये १० पैसे, दोन्ही बाजूंना, म्हणजे २० लाखांच्या उलाढालीवर ४२ रुपये. सीटीटी, म्हणजे सरकारचा कमोडिटी ट्रान्झॅक्शन टॅक्स, विक्रीच्या किमतीवर ०.०१ टक्के, ऐकायला काहीच नाही, पण १० लाखांवर ते सरळ १०० रुपये होतात. स्टॅम्प ड्युटी खरेदीवर २० रुपये. सेबीची फी २ रुपये. आणि ब्रोकरेज, एक्सचेंज चार्ज, सेबी फी या तिघांवर मिळून १८ टक्के जीएसटी, साधारण २६ रुपये. टोटल मारा, २९० होतात. ३०० मधून २९० गेले, हातात १० रुपये, आणि असे ४० सौदे म्हणजे तुमचे ४००. तुमचा आकडा चुकलेला नाहीच भाऊ, फक्त तो हिडन नाहीये, रोज रात्री मेलवर येते त्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये सौद्यांच्या यादीच्या खाली एकेक ओळ करून छापलेला असतो. ती पीडीएफ पासवर्ड टाकून उघडावी लागते म्हणून कोणी उघडत नाही आणि ॲपवरचा पी अँड एल बघून सगळे हिशोब करतात. तिथे फक्त भावातला फरक दिसतो, चार्जेस नंतर लेजरला पडतात.

आता लुटारू म्हणालात त्याबद्दल. आमची ब्रोकरेज डिस्काउंटवाल्यांपेक्षा जास्त आहे, हे आम्ही कधी लपवलं नाही, तुम्ही सही केलेल्या टॅरिफ शीटवर ५० लिहिलेले आहेत. तिकडे ऑर्डरला २० पडतात. तोच सौदा तिकडे केला असता तर जीएसटी धरून ७१ रुपये वाचले असते, खर्च २९० ऐवजी २१९ आला असता आणि महिन्याला ४०० ऐवजी ३,२४० हातात राहिले असते. फरक मोठा आहे, मान्य. पण मग उद्या कोणी तुम्हाला ब्रोकरेज शून्य करून दिली तरी काय होईल ते पण बघा ना, सीटीटी, एक्सचेंज, स्टॅम्प, जीएसटी मिळून सौद्याला १७२ रुपये जातातच, म्हणजे ४० सौद्यांचे ६,८८० रुपये. ते ना आमच्याकडे येतात ना दुसऱ्या ब्रोकरकडे. जो माणूस सरासरी ३० पॉइंटवर बाहेर पडतो त्याचे पहिले १७ पॉइंट कुठल्याही खात्यातून गेलेलेच असतात. आणि तोट्यात कापलेल्या सौद्यालाही सीटीटी लागतो, आधी विकून नंतर घेतलं तरी लागतो, सुटका नाही. २०१३ च्या जुलैपासून हे चालू आहे.

कोणी म्हणेल मग छोटा लॉट घ्या. उलटंच होतं हो. गोल्ड पेटल हा सोन्याचाच छोटा वायदा, लॉट १ ग्रॅमचा, सौदा १० हजारांचा, सीटीटी फक्त १ रुपया, पण जिथे ऑर्डरला सपाट २० रुपये लागतात तिथे एका पेटलच्या जाण्यायेण्याला जवळपास ४९ रुपये जातात, म्हणजे १० ग्रॅमच्या भावात ४९० रुपये हलल्याशिवाय तुम्ही शून्यावरही येत नाही. मोठ्या लॉटमध्ये टक्केवारीवाले चार्ज खातात, एकेक पेटल घेतलं की सपाट ब्रोकरेज खाते. पेटल घ्यायचंच तर एका ऑर्डरमध्ये दहा घ्या, तेव्हा ते २० रुपये दहा जागी वाटले जातात. टक्क्यात ब्रोकरेज घेणारा असेल तर गणित वेगळं, ते आधी विचारून घ्या.

टॅक्सचं तुमच्या सीएचं बरोबर आहे, पण तुम्ही घाबरलात ते चुकीच्या आकड्याला. एमसीएक्सवरचा सीटीटी भरलेला फ्युचर्सचा सौदा म्हणजे धंद्याचं उत्पन्न, सट्ट्याचं नाही, रोजच्या रोज कापला तरी नाही आणि कॅपिटल गेन पण नाही. त्यामुळे टॅक्स १२,००० वर बसत नाही, वरचे सगळे खर्च वजा होतात, सीटीटी सुद्धा. शेअर विकल्यावर कॅपिटल गेनमध्ये एसटीटी, म्हणजे शेअरवरचा असाच टॅक्स, वजा मिळत नाही, तो नियम डोक्यात ठेवून बरेच लोक इथे पण वजा करत नाहीत आणि जास्तीचा टॅक्स भरून मोकळे होतात. तुमच्या ४०० वर ३० टक्क्यांच्या स्लॅबला सेस धरून १२५ रुपये होतात, बस्स.

पण रिटर्न मात्र आयटीआर ३ भरावं लागतं, पगारदार असलात तरी, आणि तोट्याच्या वर्षात तर मुदतीत भराच. तोटा पुढची ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, पण मुदत चुकली की तो हक्क गेला. पगारातून मात्र हा तोटा वजा होत नाही, आमच्याकडे दर जुलैत दोन-तीन जण यावरून सीएशी भांडतात.

आता तुमच्या कामाचं. ३० पॉइंटला सौदा कापायची सवय असेल तर आमच्याकडे राहू नका, खरंच सांगतो, २० वाल्याकडे जा, आणि तिकडेही सौदे ४० चे १० करून बघा. १०० पॉइंट धरून बाहेर पडलात तर ग्रॉस १,०००, आमच्याकडे खर्च तेवढाच २९०, हातात ७१० राहतात. आता तेवढी चाल रोज मिळत नाही आणि स्टॉपलॉस पण लांब ठेवावा लागतो, म्हणजे चुकलात तर फटका पण मोठा, हे आम्ही फोनवर पण सांगतो.

महिन्याच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट घेऊन शनिवारी या, मार्केट बंद असतं तेव्हा डीलर मोकळा असतो, २९० च्या वर एका सौद्याला जास्तीचा रुपया लागलेला दिसला तर दाखवा, तिथेच कम्प्लेंट टाकू. खातं बंद करायचं असेल तर फॉर्म पण तिथेच मिळेल, फक्त आधी ओपन पोझिशन असेल ती कापून घ्या, नाहीतर रिक्वेस्ट अडकते.