रुपया घसरला, मग पाईपचा भाव लगेच का हलत नाही?

"रुपया पडून महिना झाला, पीव्हीसी पाईपचा भाव आहे तिथेच आहे. म्हणजे रुपया पडला की महागाई येते ही नुसती भीती. आणि उद्या भाव वाढलाच, तर ती व्यापाऱ्यांची लूट."

असा युक्तिवाद ऐकू येतो, पण महिनाभराची मुदत फार थोडी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या दुकानात आज जो पाईप रचलेला आहे, त्याचं रेझिन, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, काही महिन्यांपूर्वी डॉलरमध्ये ठरलेल्या सौद्याचं असतं. सौदा झाल्यावर जहाज, बंदर, कारखाना, डीलरचं गोदाम असा प्रवास होतो. एलसीवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर, पैसे देण्याची मुदत बऱ्याचदा 90 दिवसांची असते. आयातदाराने बँकेत फॉरवर्ड कव्हर घेतलं, म्हणजे पुढच्या डॉलरचा दर आधीच बांधून ठेवला असेल, तर त्याला डॉलर जुन्या ठरलेल्या दरानेच मिळतो. कव्हर नसेल, तर फटका आधी त्यालाच बसतो.

वाढ येते, पण डॉलर जितका महागतो तितकी येत नाही. समजा, रेझिन टनाला 800 डॉलर आहे. डॉलर 85 रुपयांवर असताना ते किलोला 68 रुपये पडतं. रुपया घसरून डॉलर 10 टक्क्यांनी महागला, म्हणजे 93.50 झाला, की तेच 74.80 पडतं. वाढ 6.80 रुपये. पाईप दुकानात किलोला 130 रुपयांनी विकला जात असेल, तर ही वाढ पाच टक्क्यांच्या थोडी वर जाते, कारण मजुरी, वीज आणि ट्रकभाडं रुपयात आहे. (सीमाशुल्क मी बाजूला ठेवलं, ते टक्क्यांत असल्याने त्याचाही थोडा भार पडतो.) देशी रेझिन वापरणारा कारखानाही सुटत नाही, कारण देशी रेझिनचा भाव आयातीच्या भावाकडे बघूनच ठरतो.

भाव स्थिर दिसतो तेव्हाही बिल नीट पाहा. दरपत्रक तेच राहतं, पण डीलरची सवलत आधी कमी होते.

जळगावच्या सराफ बाजारात मात्र रुपयाची घसरण लगेच दिसते, कारण तिथे जुन्या सौद्याचा आडोसा नाही, भाव रोज नव्याने निघतो. याच्या अगदी उलट युरिया. 45 किलोची गोणी 266.50 रुपयांनाच मिळते, कारण तो भाव सरकारने बांधलेला आहे आणि फरक अनुदानातून भरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अंदाजात रुपया 5 टक्के घसरला तर एकूण महागाई सुमारे 0.35 टक्का बिंदूने वाढते. थोडी आहे, पण शून्य नाही.

लुटीची शंका चुकीची म्हणणार नाही. रुपया सावरल्यावर भाव तितक्या लवकर उतरत नाहीत, हे खरं आहे. पण आरोप करण्याआधी रेझिनचा डॉलरमधला भाव वेगळा काढा. तो त्याच काळात उतरला असेल, तर रुपयाची घसरण त्यात झाकली जाते. तो स्थिर असेल आणि वरच्या हिशोबात पाच टक्के वाढ बसत असताना दुकानदार दहा मागत असेल, तर उरलेल्या पाच टक्क्यांचा जाब त्याला जरूर विचारा.