घड्याळाचा उपास

रात्री नऊला जेवायचं, ते पुन्हा दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. मधले सोळा तास पाणी नाहीतर कोरा चहा. याला १६:८ म्हणतात, हे ऑफिसातल्या एका सडपातळ माणसानं सांगितलं आणि वर माझ्या मोबाइलवर ॲपही टाकून दिलं.

पहिल्याच सकाळी आई कांदेपोहे घेऊन आली.

"आज कुठली एकादशी?"

"आता रोजच."

"मग साबुदाणा भिजवते."

पोह्यांचं एक वेळ ठीक. पण दुधाच्या चहानंही उपास मोडतो म्हटल्यावर माझा धर्मच बुडाला.

ॲपमधलं वर्तुळ मात्र मोहक होतं. बारा तासांनी त्यात ज्योत पेटायची: 'चरबी जळते आहे.' सोळा तासांनी झाडू यायचा: 'पेशींची साफसफाई सुरू.' मी पोटावर हात ठेवून झाडूचा आवाज ऐकायचो. मग एकदा लग्नाच्या पंगतीत जिलब्या हाणून आलो, तरी ज्योत ठरल्या वेळी पेटली! तेव्हा कळलं, याला माझ्या पोटातलं काहीच दिसत नाही, हा नुसते तास मोजतो. चरबी कधी वापरली जाते हे आदल्या दिवशी काय खाल्लं, किती हिंडलो यावर ठरतं. आणि माणसाच्या शरीरात ती साफसफाई नेमकी कितव्या तासाला सुरू होते, हे तर अजून पक्कं ठरलेलंच नाही.

पण कळलं तरी वळतंय कुठे? अठरा तासांना मुकुट होता. एकोणिसाव्या तासाला हात थरथरत होते, कपाळावर गार घाम होता, उगाचच वॉचमनवर खेकसलो होतो; आणि मोबाइलवर फटाके फुटत होते. त्या संध्याकाळी चार वडापाव, वर श्रीखंड. एकादशी आणि दुप्पट खाशी! मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी वीस तास. खादाडी आणि तिचं प्रायश्चित्त, ॲपच्या कॅलेंडरवर दोन्ही दिवस सारखेच हिरवेगार.

माझे मुकुट पाहून बाबांनीही गुपचूप ॲप घेतलं. त्यांना मधुमेह आहे. ॲपनं उंची विचारली, वजन विचारलं, गोळ्यांचं नाव काढलं नाही. बाबांनी सकाळची ग्लिमेपिराइड नेमानं घेतली आणि नाश्ता नेमानं टाळला. साडेदहाला डोळ्यांपुढे अंधारी आली. आईनं साखरपाणी पाजलं. डॉक्टरांनी आधी बाबांना झापलं, मग मला. ती गोळी साखर खाली ओढतेच, पोटात अन्न असो वा नसो. असल्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर विचारल्याशिवाय जेवणाची वेळ हलवायची नाही, म्हणाले.

मी ॲप काढून टाकलं. आता नऊला जेवतो आणि नऊला पोहे खातो. बारा तास आपोआप होतात, मुकुट कोणी देत नाही.

बाबांच्या फोनमध्ये मात्र ते राहून गेलं होतं, 'उपास संपवा' कोणी दाबलंच नव्हतं. काल उघडून पाहिलं. बाबा समोर बसून थालीपिठाला लोणी लावत होते आणि स्क्रीनवर लिहिलं होतं: 'शाब्बास! ३१२ तास पूर्ण.'