वीणा, वर आणि दंड

पावसाळ्यात आम्ही सांगलीकर दोन पातळ्यांवर नजर ठेवून असतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर गेलं की धोका. यंदा त्यात तिसरी भर पडली. लेकीच्या संस्कृतच्या वहीतला शब्द अकरा अक्षरांवर गेला की मी उठून गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जातो. पाऊस असो वा नसो.

चूक माझीच. ‘मला दहावीला संस्कृतात ब्याण्णव होते’ हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं घरात या ना त्या निमित्तानं वापरत आलोय. पुरावा कुणी मागितलाच, तर ‘वह्या 2019 च्या पुरात गेल्या’ हे उत्तर तयार असतं. आमचं घर गावभागात, त्यामुळे त्यावर कुणी शंकाही घेत नाही. त्या पुरात किती सांगलीकरांच्या घरातली किती विद्वत्ता वाहून गेली, त्याचा पंचनामा कुणी केलेला नाही.

तर एका संध्याकाळी लेक वही घेऊन समोर बसली. शाळेतून तक्ता दिला होता: समस्तपद, विग्रह, समासाचं नाव. खाली टीप, ‘आधी तक्ता भरा, मग श्लोकाचा अर्थ लिहा.’ श्लोक बघून मी मनातल्या मनात हसलो. ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’. अहो, हा श्लोक मी पहिलीपासून दहावीपर्यंत रोज हात जोडून म्हटलाय. झोपेतही म्हणेन.

“अर्थच सांगतो की सरळ, तक्ता कशाला?” मी म्हणालो.

“सांगा.”

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की दहा वर्षं रोज म्हटलेल्या श्लोकाचा अर्थ मला एवढाच माहीत आहे: सरस्वती, पांढरी, वीणा, नमस्कार.

“थांबा, मीच करते,” ती म्हणाली आणि तिनं दुसरी ओळ घेतली. ‘वीणावरदण्डमण्डितकरा’. डावीकडून एकेक शब्द सुट्टा करत निघाली, शेंगा फोडाव्यात तशी. वीणा, वर, दंड, मंडित, कर. पुढे तिनं अर्थ लिहिला: ‘जिच्या हातात वीणा, वर आणि दंड शोभून दिसतात.’

मला तर तो फार पटला. एका हातात वीणा, पास होणाऱ्याला वर, नापासाला दंड. आमच्या वेळच्या गणिताच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, वीणा तेवढी वजा करून. मी ‘शाब्बास’ म्हणणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, “दंड? सरस्वतीच्या हातात छडी?”

वरच्या मजल्यावरच्या बाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी हयातभर संस्कृत शिकवलंय. माझ्या ब्याण्णव गुणांची कथा त्यांनी अनेकदा ऐकली आहे आणि आजवर त्यावर एक अक्षरही बोललेल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

त्या बसल्या. विरजणाची वाटी टेबलावर, शेजारी आमची भडंगाची परात. “सामासिक शब्द डावीकडून फोडायचा नाही,” त्या म्हणाल्या. “उजवं टोक धरायचं. शेवटी काय आहे?”

“कर. म्हणजे हात.”

“कर की करा?”

लेक वहीत बघायला लागली, मी परातीत. शब्द ‘करा’ असा होता. मला वाटलं, ‘करा’ म्हणजे आज्ञार्थ: तक्ता भरा, नमस्कार करा. सुदैवानं हे मी बोललो नाही.

“हात हा शब्द संस्कृतात पुल्लिंगी. करः, करौ, कराः,” बाई म्हणाल्या. “मग हा इथं ‘आ’ लावून स्त्रीलिंगी कुणासाठी झालाय?”

“सरस्वतीसाठी?”

“म्हणजे हा शब्द हाताबद्दल बोलतच नाही. हात जिचा आहे तिच्याबद्दल बोलतो. असं झालं की डोळे मिटून बहुव्रीहि.”

खरं सांगतो, माझ्या ब्याण्णव गुणांत हे कुठंच नव्हतं. आम्ही बहुव्रीहि ओळखायचो तो ‘यस्य सः’ लिहून बघून. लिहिलं आणि कानाला बरं वाटलं की बहुव्रीहि. शेवटच्या पदानं आपलं स्वतःचं लिंग सोडून दुसऱ्याचं घेतलंय का, हे बघायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी खिडकीबाहेर बघत असेन.

लेकीला किल्ली सापडली. ती लगेच पुढे धावली. “मग ‘शुभ्रवस्त्रावृता’ पण बहुव्रीहि! शेवटी ‘आ’ आहे.”

“नाही हं,” बाई म्हणाल्या. “आवृत म्हणजे झाकलेला. हे मुळातच विशेषण. ते ज्याच्याशेजारी बसेल त्याचं लिंग घेणारच. त्याच्या ‘आ’वरून काही सिद्ध होत नाही. तिथं प्रश्न विचारायचा, कशानं झाकलेली? शुभ्र वस्त्रानं. ‘नं’ आलं की तृतीया तत्पुरुष. आणि शुभ्र वस्त्र हा आत बसलेला कर्मधारय.” मग माझ्याकडे वळून, “‘श्वेतपद्मासना’ तुम्ही सांगा.”

मी पोटात गोळा आलेला दाबून उजवं टोक धरलं. आसन. संस्कृतात आसनम्, नपुंसकलिंगी. इथं आसना. “बहुव्रीहि,” मी म्हणालो, “श्वेतं पद्मम् आसनं यस्याः सा, पांढरं कमळ जिचं आसन ती.” लेकीनं माझ्याकडे असं बघितलं, की गेली पंधरा वर्षं वसूल झाली. (यात मला ‘पद्मासन’ हा योगासनाचा प्रकार वाटला होता, ती पांढरी सतरंजी घालून बसलीय असं, हे मी आता लिहितोय, तेव्हा बोललो नाही.)

मग पुन्हा त्या अकरा अक्षरांकडे वळलो. बाईंनी लेकीच्या हातात पेन्सिल दिली. म्हणाल्या, उजवीकडून प्रश्न विचारत आत जायचं आणि आतून बाहेर लिहीत यायचं. हात कसा? मंडित, सजलेला. कशानं मंडित? दंडानं. कसला दंड? वर, म्हणजे उत्तम. कुणाचा? वीणेचा. हे झालं आत जाणं. आता परत: वरः दण्डः वरदण्डः, कर्मधारय. वीणायाः वरदण्डः, षष्ठी तत्पुरुष. त्या वीणावरदण्डेन मण्डितः, तृतीया तत्पुरुष. आणि वीणावरदण्डमण्डितः करः यस्याः सा, बहुव्रीहि. एकाच शब्दाच्या पोटात चार समास.

“मग तक्त्यात नाव कुठलं लिहायचं?” लेकीचा प्रश्न रास्त होता. रकान्यात जागा एकाच शब्दापुरती होती.

“शेवटच्या पायरीचं. घरात किती का खोल्या असेनात, पाटी दारावर एकच.”

‘दंड’ म्हणजे छडी नाही, वीणेचा दांडा, हे कळल्यावर लेक थोडी हिरमुसली. तिचं म्हणणं, वीणा, वर आणि दंड असा द्वंद्व समास धरला तर व्याकरणाचं काय बिघडतं? मला वाटलं आता बाई चिडणार. पण त्या खुलल्या. म्हणाल्या, व्याकरणाचं काहीच बिघडत नाही, द्वंद्व होऊ शकतो. बिघडतं अर्थाचं. मंडित म्हणजे सजलेला. छडीनं हात सजत नाही, आणि दंड धरलेली सरस्वती कुठल्या मूर्तीत कुणी बघितलीय? समास ओळखताना व्याकरण तुम्हाला दोन-तीन दारं दाखवतं. आत कुठल्या दारानं जायचं ते श्लोक सांगतो. म्हणून विग्रह आधी करून बघायचा आणि तो श्लोकात बसतो का ते तपासायचं, मग अर्थ लिहायचा.

“आणि समासाचं नाव चुकलं तर एवढं काय होतं?” मी उगाच विचारलं. हे विचारायला नको होतं.

बाईंनी त्वष्ट्याची गोष्ट सांगितली. त्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. यज्ञात ‘इन्द्रशत्रुः’ म्हणायचं, इंद्राचा शत्रू म्हणजे इंद्राला मारणारा, असा तत्पुरुष. त्यासाठी स्वर शेवटच्या अक्षरावर हवा. म्हणताना तो पहिल्या पदावर पडला. झाला बहुव्रीहि: इंद्र ज्याचा शत्रू आहे असा, इंद्रच ज्याला मारणार असा. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. अक्षर एकही बदललं नव्हतं. “तुमचा अर्धा मार्कच जातो,” बाई म्हणाल्या.

या सगळ्यात पहिली ओळ राहिली होती. ‘कुन्देन्दुतुषारहारधवला’, हीही अकराच अक्षरं. आधी ‘या’ धरला की बारा होतात आणि शार्दूलविक्रीडित या श्लोकाच्या वृत्तात बरोबर बाराव्या अक्षराला थांबायचं असतं. म्हणजे कवीनं श्वास घ्यायची जागा शब्दाच्या शेवटी ठेवली आहे, हे मला या वयात समजलं. शाळेत आम्ही दम संपेल तिथं थांबायचो.

इथं मात्र मराठीनं घात केला. तुषार म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर तुषार सिंचन. वाळव्याला सासरवाडी, मेव्हण्याच्या शेतात अनुदानावर बसवलेलं. हार म्हटलं की झेंडूचा. त्यामुळे पहिल्या झटक्यात माझी सरस्वती, कुंद, चंद्र, पाण्याचे फवारे आणि झेंडू यांच्यासारखी पांढरी झाली. बाईंनी फक्त विचारलं, “झेंडू पांढरा असतो?” संस्कृतात तुषार म्हणजे हिम आणि इथला हार मोत्यांचा. चौघांचा द्वंद्व, आणि त्यांच्यासारखी धवल म्हणून उपमानपूर्वपद कर्मधारय. ‘धवला’ विशेषण असल्यामुळे त्याचा ‘आ’ पुरावा धरायचा नाही, हे लेकीनं मी विचारण्याआधीच सांगितलं.

बाई विरजण घेऊन गेल्या. जाताना बहुव्रीहि या नावाचाच विग्रह करून गेल्या: बहवः व्रीहयः यस्य सः, ज्याच्याकडे पुष्कळ भात आहे तो. लेक म्हणाली, मग मामा बह्विक्षु, त्याच्याकडे ऊस आहे. तिची आई आतून म्हणाली, ऊस आहे, बिल यायचंय.

परवा दसरा झाला. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, फुलं वाहिली आणि हात जोडून मी श्लोक म्हणायला लागलो. ‘या वीणा’पर्यंत आलो आणि अडकलो. वरः दण्डः, वीणायाः, तेन मण्डितः. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“अहो, काय झालं?” बायकोनं विचारलं.

लेक पाटीकडे बघत होती. एकाच्या रेघांच्या सरस्वतीला ना वीणा, ना हात. “बाबा,” ती म्हणाली, “यस्याः सा ठीक आहे. पण करः कुठंय?”