५ च्या अलार्मवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर: रिमाइंडर नक्की किती वाजता लावायचा

"अर्ली बर्ड, नाईट आऊल वगैरे सगळी आळशी लोकांची कारणं आहेत. मी पण रात्री २ पर्यंत जागायचो, ५ चा अलार्म लावला, महिनाभरात सवय झाली. परीक्षा काय तुमचा क्रोनोटाइप विचारून घेतात का? १० चा पेपर म्हणजे १० चाच. रिमाइंडर कधीही लावा, करणारा करतोच."

तुमचा पेपरवाला मुद्दा अगदी बरोबर आहे आणि त्यावर मी खाली सविस्तर लिहितेय, पण आधी ५ च्या अलार्मबद्दल बोलू. तुमच्या शरीराचं घड्याळ खरंच लवकरच्या बाजूला सरकलं असेल तर मला आनंदच आहे, तसं होऊ शकतं. क्रोनोटाइप म्हणजे माणूस मुळात लवकर झोपणारा-उठणारा की उशिराचा, आणि त्यात बहुतेक लोक दोन टोकांना नसतातच, मधेच कुठेतरी असतात, आणि सकाळचा उजेड मिळाला, रात्रीचा दिवा-स्क्रीन कमी झाली की बरेच जण तास-दीड तास लवकरच्या बाजूला येतात. शिवाय विशीच्या आसपास माणूस सगळ्यात उशिराचा असतो आणि पुढे वयाबरोबर हळूहळू लवकरचा होत जातो. सरकलं की नाही हे बघायची एक साधी टेस्ट आहे. सलग तीन-चार दिवस सुट्टी असेल तेव्हा अलार्म न लावता झोपा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप ५-५:३० ला फ्रेश जाग आली तर घड्याळ सरकलंय. ८:३० ला आली तर ते आहे तिथेच आहे, तुम्ही फक्त रोज कमी झोपताय, आणि कमी झोपेत माणसाला स्वतःला आपण ठीक आहोत असंच वाटत राहतं, चुका मात्र वाढतात. पहिल्या दिवसावरून ठरवू नका हां, तेव्हा साठलेली झोप भरून निघत असते.

आता "रिमाइंडर कधीही लावा" हे. मला इथे मनापासून वेगळं वाटतं, कारण रिमाइंडर वाजतो त्या क्षणी तुम्ही कोणत्या अवस्थेत आहात त्यावर तो पाळला जाणार की बोटाने सरकवला जाणार हे ठरतं. आणि रोज सरकवला गेलेला रिमाइंडर काही दिवसांनी डोळ्यांना दिसेनासाच होतो, मग तो असून नसल्यासारखा.

माझ्या मैत्रिणीचंच उदाहरण देते, तिची परवानगी आहे. ती नोकरी करून स्टॅटिस्टिक्सच्या एका अवघड परीक्षेचा अभ्यास करत होती. ऑफिसच्या दिवशी रात्री १२:३० ला झोप, सकाळी ६:३० ला अलार्म. सुट्टीच्या दिवशी १:३० ला झोप आणि ९:३० ला आपोआप जाग. अभ्यासाचा रिमाइंडर सकाळी ६:४५ चा, त्यावर नुसतं "अभ्यास" एवढंच लिहिलेलं. तो रोज वाजायचा, ती रोज बंद करायची, आणि मग दिवसभर आपण आळशी आहोत असं तिला वाटत राहायचं.

आम्ही बसून तिचा हिशोब केला. टिल रोनेबर्ग नावाचे झोपेच्या घड्याळावर काम करणारे संशोधक आहेत, त्यांच्या म्युनिक क्रोनोटाइप प्रश्नावलीत क्रोनोटाइप मोजायला झोपेचा मध्य धरतात, तोही बिनअलार्मच्या दिवसाचा. तिचा सुट्टीचा मध्य १:३० आणि ९:३० च्या मधोमध, म्हणजे पहाटे ५:३०. पण सुट्टीला ती जास्त झोपते ते आठवडाभराची थकबाकी फेडायला, म्हणून ते थोडं वजा करावं लागतं. पाच दिवस ६ तास आणि दोन दिवस ८ तास, सरासरी साधारण ६ तास ३५ मिनिटं. सुट्टीची झोप त्याहून सुमारे १ तास २५ मिनिटं जास्त, त्याच्या निम्मं म्हणजे ४३ मिनिटं ५:३० मधून काढली की उरतं ४:४७. हा तिचा खरा मध्य. ऑफिसच्या दिवशीचा मध्य मात्र ३:३०. म्हणजे सुट्टीचा प्रत्यक्ष मध्य ५:३० आणि कामाच्या दिवसांचा ३:३० यांच्यात दोन तासांचा फरक, याला सोशल जेटलॅग म्हणतात.

मध्य ४:४७ धरला आणि तिची सरासरीइतकी झोप धरली तर तिला आपोआप जाग यायला हवी ८ च्या सुमारास. आणि आपोआप जाग यायच्या साधारण दोनेक तास आधी शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात खाली असतं, सावधपणाही तेव्हा तळाला असतो. तिच्यासाठी ती वेळ ६ च्या आसपास. म्हणजे ६:३० चा अलार्म तिला तळातून बाहेर पडायच्या आतच उठवत होता. त्यात उठल्यावरची पहिली १५-३० मिनिटं कोणाचंही डोकं जड असतं, झोप अपुरी असेल तर ते तासभरही चालतं. ६:४५ ला तिच्यासमोर प्रॉबॅबिलिटीचं गणित ठेवणं म्हणजे दिवसातली सगळ्यात वाईट वेळ शोधून काढण्यासारखं होतं. तिच्या इच्छाशक्तीचा यात काही संबंधच नव्हता.

मग बदललं काय? ऑफिस ६ ला सुटतं, घरी येऊन जेवण वगैरे ८ पर्यंत. उशिराच्या माणसांना संध्याकाळ चांगली जाते, आणि झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास तर शरीर स्वतःच जागं राहायचा जोर लावत असतं, म्हणून अवघड अभ्यासाची वेळ ठरवली ८:१५ ते १०:१५. रिमाइंडर ८:१५ ला लावला नाही, ८:०५ ला लावला, कारण हातातलं काम सोडून, फोन बाजूला ठेवून, पाणी घेऊन बसायला दहा मिनिटं जातातच, आणि बरोबर वेळेवर वाजला तर सुरुवातच उशिरा होते आणि मग "आज राहू दे" सुरू होतं. त्यावरचा मजकूरही बदलला, "अभ्यास" काढून "प्रकरण ७, तिसरं उदाहरण, पुस्तक न बघता" असं. रोज अभ्यासावरून उठताना उद्याचं वाक्य तिथेच टाइप करायचं. सकाळचा ६:४५ चा उडवला आणि ८:३० ला प्रवासात फक्त सूत्रं आठवायचा हलका ठेवला.

दुसरा महत्त्वाचा रिमाइंडर १०:१५ चा, थांबायचा. हा लोक लावतच नाहीत. नाईट आऊल असण्याचा धोका इथेच आहे, कारण ११ ला डोकं छान चाललेलं असतं, माणूस १२ पर्यंत ओढतो, समोर लख्ख दिवा आणि स्क्रीन, आणि रात्रीचा उजेड घड्याळ अजून उशिराच्या बाजूला ढकलतो. त्यामुळे १०:१५ ला वही बंद, मोठा दिवा बंद. क्रोनोटाइप मान्य करणं म्हणजे रात्री वाट्टेल तोपर्यंत जागायची मुभा नाही, ह्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे.

आता पेपर १० चा. तिचाही होताच. परीक्षेच्या दिवशी पोचायला ६:४५ ला उठणं भाग होतं, म्हणून आपोआप जाग यायची ८ ची वेळ साधारण सव्वा तास अलीकडे आणायची होती. इथे तुमच्यासारखा एकदम ५ चा अलार्म लावला असता तर काय झालं असतं ते नीट बघा. तापमानाचा तळ ६ ला आहे. तळाच्या नंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ लवकरच्या बाजूला सरकवतो, पण तळाच्या आधी पडलेला उजेड उलटा, उशिराच्या बाजूला ढकलतो. म्हणजे ५ ला उठून लख्ख दिवा लावून बसली असती तर तो उजेड तिला चुकीच्या दिशेला ढकलत राहिला असता. कित्येक लोकांचं ५ चं वेळापत्रक दोन आठवड्यात कोसळतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं, आणि ते बिचारे स्वतःलाच दोष देत बसतात.

तिने ऑफिसच्या दिवशी ६:३० ला उठणं तसंच ठेवलं, तिथे पर्याय नव्हता, पण ९:३० चं सुट्टीचं उठणं दर सुट्टीला अर्ध्या-पाऊण तासाने अलीकडे आणलं, उठल्या उठल्या बाहेरच्या उजेडात अर्धा तास चालायला लागली, आणि थांबायचा रिमाइंडर दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. त्याबरोबर ८:०५ चा सुद्धा तेवढाच अलीकडे. हे एकत्र सरकवणं फार महत्त्वाचं आहे, कारण नुसता सकाळचा अलार्म अलीकडे आणला आणि रात्रीचं तसंच राहिलं तर फक्त झोप कमी होते. सराव पेपर मात्र सुट्टीच्या दिवशी बरोबर १० ला, कारण ज्या वेळेला लिहायचंय त्या वेळेला लिहून बघायला हवं. पाचेक आठवड्यात सुट्टीला आपोआप जाग ७:३० च्या आसपास यायला लागली, रात्रीची झोपही ११:३० वर आली. ती ५ ची झाली नाही, व्हायची गरजही नव्हती.

लवकर उठणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो, त्याबद्दल थोडंच लिहिते. त्यांची चांगली वेळ सकाळी लवकर येते आणि ती मेल-मेसेजमध्ये निघून जाते, मग रात्री ९ चा "रिव्हिजन" रिमाइंडर वाजतो तेव्हा त्यांची झोपायची वेळ झालेली असते. त्यांनी पहिला रिमाइंडर उठल्यावर साधारण तासाभराने, मेल उघडायच्या आधीचा लावावा आणि संध्याकाळी फक्त उद्याची तयारी ठेवावी.

वेळ चुकीची आहे की काम नकोसं आहे हे कसं ओळखायचं, तर दोन आठवडे फक्त एक गोष्ट लिहून ठेवा: रिमाइंडर वाजला किती वाजता आणि तुम्ही खरंच सुरू केलंत किती वाजता. ठरावीक वेळेचाच रिमाइंडर सतत सरकवला जातोय आणि तेच काम दुसऱ्या वेळेला सहज होतंय, तर वेळ बदला. सगळ्याच वेळांना सरकवला जातोय तर वेळेचा दोष नाही, काम फार मोठं किंवा फार मोघम लिहिलंय, त्याचा पहिला तुकडा लिहा. आणि सुरू वेळेवर होतंय पण अर्ध्या तासात तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली जातेय, तर आधी झोप मोजा, रिमाइंडर नंतर बघू. शिफ्ट ड्युटीवाले आणि लहान बाळ असलेले यांना मात्र हा हिशोब जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण बिनअलार्मचा दिवसच त्यांच्याकडे नसतो.

तुम्ही सुट्टीतली ती टेस्ट करा आणि उठायची वेळ इथेच खाली लिहा, झोपायची वेळ पण लिहा. ऑफिसच्या दिवसांच्या दोन्ही वेळा दिल्यात तर तुमचा मध्य मी काढून देते.