ओठांलगतची कोरी पट्टी

«हनुवटीवर आणि तोंडाभोवती बारीक फोड येतात ते पिंपल्सच. त्वचा कोरडी पडली की येतात. पिंपल्सचा फेसवॉश वापरा आणि रात्री क्रीमचा जाड थर द्या. तरी राहिले तर खाजेवरचं मलम लावा, दोन दिवसांत साफ. परत आले तर परत लावा.»

वरच्या सल्ल्याची तपासणी नावापासून सुरू करते, कारण त्यातल्या पुढच्या सगळ्या चुका तिथूनच निघाल्या आहेत. पिंपल म्हणजे मुरूम, आणि मुरूम सुरू होतो तो केसाच्या मुळाशी तेलाचा आणि मेलेल्या पेशींचा बूच बसून. बुचाचं तोंड उघडं असेल तर तो काळा दिसतो, बंद असेल तर त्वचेखाली पांढरट दाणा लागतो. मुरुमांच्या चेहऱ्यावर असे ब्लॅकहेड-व्हाइटहेड कुठे ना कुठे सापडतातच. फोडही एका मापाचे नसतात. एखादा खोलवर ठणकत असतो, तर एखादा पिकून वर आलेला असतो.

वर वर्णन केलेलं पुरळ बहुतेक वेळा पेरिओरल डर्मटायटिस, म्हणजे तोंडाभोवतीच्या त्वचेचा दाह, असतं, आणि त्यात बूच नसतो. एक-दोन मिलिमीटरचे, जवळजवळ एकसारखे दाणे झुपक्याने येतात. खालची त्वचा लालसर असते, सावळ्या रंगावर ती तपकिरी दिसते, आणि वर बारीक पापुद्रे सुटतात. माणसं खाजेपेक्षा जळजळ आणि ताण सांगतात. हनुवटी, ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि कधी डोळ्यांभोवतीचा भाग ही त्याची जागा. पण सगळ्यात बोलकी खूण ओठांपाशी असते. दाणे ओठाला चिकटून येत नाहीत, मध्ये काही मिलिमीटरची स्वच्छ पट्टी सुटते. दिवसाच्या उजेडात आरसा जवळ धरला की ती दिसते. जीभ फिरवून ओठ चाटण्याची सवय असलेल्या मुलांना होणारी लाली नेमकी उलटी असते. ती ओठाला भिडलेली असते, मध्ये पट्टी नसते. एकाच चेहऱ्यावर मुरूम आणि हे पुरळ दोन्ही असू शकतं, त्यामुळे कपाळावर ब्लॅकहेड दिसले म्हणून हनुवटीचंही तेच, असं धरू नका.

कोरडेपणाचा समज का होतो ते मला कळतं. पापुद्रे दिसतात, त्वचा ओढल्यासारखी वाटते, मग हात क्रीमकडे जाणारच. पण घट्ट, तेलकट थराखाली त्वचेचा वरचा पदर पाण्याने फुगतो आणि त्याची राखण ढिली पडते, असं मानलं जातं. मग त्वचेतलं पाणी आणखी उडतं, ताण वाढतो आणि थरही वाढतो. नाइट क्रीम, त्याच्या जोडीला मॉइश्चरायझर आणि दिवसा वर फाउंडेशन असे तीन थर एकाच चेहऱ्यावर असले की माझं लक्ष आधी तिकडे जातं.

फेसवॉशबद्दल फार लिहायला नको. मुरुमांवरच्या फेसवॉशमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. बुचावर ती कामाची, पण आधीच चिडलेल्या त्वचेवर आग करतात.

मलमाबद्दल मात्र सविस्तर बोलायलाच हवं. खाजेवरच्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव वाचायला मिळालं तर ते स्टेरॉइडच. या दुखण्याला आजचं नाव मिळालं १९६४ साली, म्हणजे जोरकस स्टेरॉइड मलमं वापरात येऊ लागली होती त्याच काळात. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो, म्हणून दोन दिवसांत चेहरा खरंच साफ दिसतो. थांबवलं की काही दिवसांत पुरळ पहिल्यापेक्षा जोराने उसळतं. बघणाऱ्याला वाटतं, मलम थांबवल्यामुळे दुखणं परतलं. खरं तर तेच मलम दुखणं पोसत असतं.

माझ्याकडे आलेल्या चौतिशीतल्या एका बाईंचं असंच झालं. नवं नाइट क्रीम सुरू करून तीन आठवडे झाले असतील, तेव्हा हनुवटीच्या डाव्या कोपऱ्यात दहा-बारा दाणे आले. पिंपल्स समजून त्यांनी बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश घेतला. चेहरा पोळल्यासारखा झाला म्हणून क्रीम दुप्पट केलं. मग घरात कुणाच्या तरी एक्झिमासाठी आणलेलं मोमेटासोन लावलं. तिसऱ्या दिवशी चेहरा साफ, बंद केल्यावर चौथ्या दिवशी दाणे दुप्पट. हे चार महिने चाललं. माझ्यासमोर बसल्या तेव्हा पुरळ नाकपुड्यांपर्यंत चढलं होतं आणि ओठांलगतची पट्टी तेवढी कोरी होती.

आम्ही आधी काढून टाकण्याचं काम केलं. क्रीम, फाउंडेशन, फेसवॉश सगळं बंद, चेहरा फक्त कोमट पाण्याने धुवायचा. मोमेटासोन चार महिने चाललेलं असल्यामुळे एकदम तोडलं नाही. त्याऐवजी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन आठवडाभर रात्री एकदा, नंतर एक दिवसाआड, मग बंद. पुरळ उसळेल हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, कारण बहुतेक माणसं याच टप्प्यावर हार मानून जुन्या ट्यूबकडे वळतात. मलम पूर्ण बंद झाल्याच्या पाचव्या दिवशी त्यांचा फोटो आला, चेहरा लालबुंद. ट्यूब मात्र त्यांनी उघडली नाही. सोबत मेट्रोनिडाझोलचं जेल आणि सहा आठवडे पोटातून डॉक्सिसायक्लिन दिलं. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना या पुरळासाठी त्याऐवजी एरिथ्रोमायसिन देतात, म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यात जळजळ थांबली. आठव्या आठवड्यात दाणे गेले, लालसर छटा त्यानंतरही महिनाभर होती.

बाहेरून काही न लावताही स्टेरॉइड चेहऱ्यावर पोचतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दम्याचा इन्हेलर, नाकाचा स्प्रे, मुलांना मास्कमधून दिलं जाणारं औषध यांत ते असू शकतं. असं औषध मुळीच बंद करू नका, ते श्वासासाठी आहे. घेऊन झालं की चूळ भरा, तोंडाभोवतीचा भाग पाण्याने धुवा आणि पुरळ डॉक्टरांना दाखवा. फ्लोराइडच्या टूथपेस्टवरही संशय घेतला गेला आहे. बाकी सगळं बंद करूनही दाणे हटत नसतील तर दातांच्या डॉक्टरांना विचारून काही आठवडे पेस्ट बदलून पाहता येते. आणि पुरळ ओठाला भिडलं असेल, खाज फार असेल किंवा दोन महिन्यांत फरक पडत नसेल, तर हे दुखणं वेगळं असू शकतं. लिपस्टिकची अ‍ॅलर्जी, रोझेशिया, बुरशी हे सगळं तपासूनच ठरतं.

त्या बाईंना पुढे एकेक वस्तू परत सुरू करायला सांगितलं, दोन वस्तूंमध्ये पंधरा दिवसांचं अंतर ठेवून. पातळ लोशन पचलं, फाउंडेशनही पचलं. नाइट क्रीमच्या दहाव्या दिवशी हनुवटीच्या त्याच डाव्या कोपऱ्यात तीन दाणे आले, आणि बरणी त्यांनी त्याच दिवशी बंद केली.